करंट रेशो पडला, स्टॉकचे दिवस वाढले: जालन्याच्या एका अवजार कारखान्याचा ताळेबंद

जालना एमआयडीसीतली एक छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. पलटी नांगर, मोगडा, ट्रॅक्टरवरचं पेरणी यंत्र असा माल बनवते आणि परभणी, हिंगोली, बीड, बुलढाण्यापर्यंतच्या डीलरना देते. नाव सांगत नाही आणि आकडे गोल करून घेतलेत, पण हिशोबाची ठेवण तीच आहे. सगळे आकडे लाखात.

२०२३-२४ ला विक्री ४८०, २०२४-२५ ला ५००. नफा टॅक्स जाऊन १०. वरवर बघितलं तर बरं चाललंय. पण करंट रेशो, म्हणजे वर्षभरात पैसा होणारी अ‍ॅसेट भागिले वर्षभरात फेडायची देणी, १.६४ वरून १.२६ वर आला आणि स्टॉकचे दिवस, म्हणजे साठलेला माल खपायला लागणारे दिवस, ९० वरून १४४ वर गेले. बँकेतून विचारणा झाली तेव्हा मालकांचं उत्तर असं होतं, "स्टॉक वाढलाय म्हणजे धंदाच वाढायलाय ना सर, माल काय कुठं पळून चाललाय का." आणि त्यांचा अकाउंटंट म्हणतो की स्टॉक वाढला तर करंट अ‍ॅसेट वाढते, मग रेशो वाढायला पाहिजे, पडला कसा काय. हा प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर शोधत गेलं की पूर्ण प्रकरण उलगडतं म्हणून तिथूनच सुरू करू.

आधी दोन्ही वर्षांच्या ३१ मार्चची बाजू बघा. पहिल्या वर्षी करंट अ‍ॅसेट १८०, म्हणजे स्टॉक ९०, डीलरकडची उधारी ७०, बाकी रोकड, जीएसटी क्रेडिट वगैरे २०. देणी ११०, त्यात सीसी म्हणजे बँकेचं कॅश क्रेडिट ६०, सप्लायर ३८, इतर १२. दुसऱ्या वर्षी अ‍ॅसेट २४० झाली, स्टॉक १५०, उधारी ७५, बाकी १५. आणि देणी झाली १९०, सीसी ९८, सप्लायर ७०, टर्म लोनचा येत्या वर्षातला हप्ता ६, इतर १६.

आता गणिताची एक साधी गोष्ट. रेशो एकाच्या वर असेल आणि दोन्ही बाजूला सारखीच रक्कम वाढवली तर रेशो खाली येतो. यांचा स्टॉक ६० ने वाढला, तो पूर्णच्या पूर्ण सप्लायरच्या उधारीवर आणि सीसीवर उभा केला असं धरा, मग २४० भागिले १७० म्हणजे १.४१. म्हणजे काहीही वाईट झालेलं नसताना, नुसता स्टॉक कमी मुदतीच्या पैशावर भरला म्हणूनच रेशो १.६४ वरून १.४१ वर येतो. ह्या टप्प्यात रुपयातलं वर्किंग कॅपिटल बदलत नाही, आधी १८० वजा ११० म्हणजे ७० होतं, आताही ७०च राहतं.

पण प्रत्यक्षात रेशो १.२६ आहे आणि वर्किंग कॅपिटल ५० आहे. म्हणजे १.४१ ते १.२६ ही पुढची घसरण स्टॉकमुळे नाहीच. २० लाख करंट बाजूतून उठून दुसरीकडे गेलेत. आजार दोन आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. बरेच जण रेशो पडलेला बघून सरळ "स्टॉक कमी करा" सांगून मोकळे होतात. इथं ६० चा स्टॉक विकून तेवढी देणी फेडली असती तरी ते २० परत आले नसते.

ते २० कुठं गेले हे शोधायला कॅश फ्लो स्टेटमेंट लागतं आणि लहान कंपनीला ते देणं बंधनकारक नसतं, त्यामुळे वहीच्या मागच्या पानावर स्वतःच मांडावं लागतं. अवघड काही नाही, लांब मुदतीचा पैसा आला किती आणि लांब मुदतीच्या कामाला गेला किती एवढंच. आलेला असा: नफा १०, घसारा ८ (खर्च लिहिला पण पैसा बाहेर गेला नाही), आणि नवीन टर्म लोन ३०, त्यातले ६ येत्या वर्षात फेडायचे म्हणून करंटमध्ये गेले, लांब मुदतीचे उरले २४. एकूण ४२. गेलेला असा: सीएनसी प्लाझ्मा कटिंग मशीन ४०, तिच्यासाठी वाढवलेलं शेड १४, आणि मालकांच्या मेव्हण्यांनी कंपनीत ठेवलेले ८ परत दिले कारण त्यांच्या घरी लग्न होतं. एकूण ६२. ४२ वजा ६२, उणे २०. बरोब्बर तेवढेच.

मशीनच्या ४० पैकी ७५ टक्के म्हणजे ३० बँकेनं दिले, मार्जिनचे १० स्वतःचे घालायचे होते. शेडला कर्ज मागितलंच नाही. "शेडचं काय, पत्रे अन अँगल आपलेच, वेल्डर आपलेच" असा मालकांचा हिशोब. पण त्या अँगलचं बिल सप्लायरच्या खात्यात आणि वेल्डरची मजुरी सीसीतून गेली, आणि शेड काही तीन महिन्यांनी विकून सीसीत पैसे भरता येत नाहीत. बँकेच्या भाषेत ह्याला फंड डायव्हर्जन म्हणतात, शब्द ऐकायला चोरी केल्यासारखा वाटतो, पण लहान कारखान्यात ते नव्वद टक्के वेळा असंच भोळेपणानं होतं. लग्नाचे ८ तर कुणाच्या डोक्यातही नव्हते, कारण ते नफा-तोट्यात कुठं दिसतच नाहीत.

आता स्टॉककडे या. आधी दिवस काढायचे कसे ते. अकाउंटंटनी विक्रीवर काढले होते, १५० भागिले ५०० गुणिले ३६५, म्हणजे ११०. स्टॉक खर्चाच्या किमतीला धरलेला असतो आणि विक्रीत नफाही असतो, त्यामुळे भागायचं ते विकलेल्या मालाच्या खर्चानं. तो खर्च पहिल्या वर्षी ३६५ आणि दुसऱ्या वर्षी ३८० होता, त्यावरून ९० आणि १४४ दिवस येतात. अजून एक गंमत. कंपनी कायद्याच्या शेड्यूल तीनमध्ये २०२१ पासून हे रेशो ताळेबंदाच्या टिपांमध्ये द्यावे लागतात आणि मागच्या वर्षापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त बदल असेल तर कारण लिहावं लागतं. इथं करंट रेशो २३ टक्के पडला. स्टॉक टर्नओव्हर, म्हणजे वर्षात स्टॉक किती वेळा फिरला तो आकडा, तिथं सरासरी स्टॉकवर काढला होता, सुरुवातीचा आणि शेवटचा मिळून भागिले दोन, त्यामुळे तो ४.१७ वरून ३.१७ झाला म्हणजे २४ टक्के. दोन्ही पंचवीसच्या आत! टिपांमध्ये कारण म्हणून एक ओळ नाही. वर्षअखेरच्या स्टॉकवर तेच दिवस साठ टक्क्यांनी वाढलेत, पण सरासरीनं ते झाकलं गेलं. म्हणून टिपा वाचून "काही विशेष नाही" असं धरून चालू नका.

अवजाराच्या धंद्यात ३१ मार्चला स्टॉक जास्त असणं स्वतःहून वाईट नाही, हे कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. नांगरटीचा माल मार्च ते मे जातो, पेरणी यंत्र मे-जूनमध्ये, थोडं पुन्हा हरभऱ्याच्या वेळी. कारखाना जानेवारीपासून माल बनवून ठेवतो. पण हे कारण दोन्ही वर्षांच्या ३१ मार्चला सारखंच लागू होतं, त्यामुळे ९० असताना सीझन होताच, १४४ ला सीझनचा पदर धरता येत नाही.

स्टॉकची फोड केली की चित्र निघतं. कच्चा माल ३८ वरून ५२, अर्धवट माल १२ वरून १८, तयार माल ४० वरून ८०. कच्च्या मालाचं म्हणणं ठीक निघालं, मार्चअखेर पट्टी आणि अँगलची एक मोठी गाडी भाव बरा मिळाला म्हणून घेतली होती आणि मेपर्यंत ती कटिंगला लागून संपलेली होती. अर्धवट मालात काही नाही. सगळी गोम तयार मालात, आणि "तयार माल ८०" ह्या एका ओळीवरून काहीच कळत नाही. त्यासाठी मॉडेलवार यादी पाहिजे आणि ती यादी कॉम्प्युटरवरून न काढता गोडाऊनमध्ये उभं राहून केलेली पाहिजे.

पेरणी यंत्राच्या पाटीवर सिरीयल नंबर आणि बनवल्याचा महिना ठोकलेला असतो. गोडाऊनच्या मागच्या भिंतीला नऊ फणी पेरणी यंत्रं ओळीनं उभी होती, चाळीस नग, सगळ्यांच्या पाटीवर २०२४ चे फेब्रुवारी ते मे. म्हणजे २०२४ च्या खरिपासाठी बनवलेली, एक पूर्ण खरीप आणि एक रब्बी बघून आलेली. बियाणाच्या पेटीत कोळ्याची जाळी आणि फणांच्या टोकाला रंग जाऊन तांबेरा धरलेला. एका नगाचा खर्च ५५ हजार, चाळीसचे २२ लाख. न खपण्याचं कारण साधं होतं, सोयाबीनला लोक बीबीएफ म्हणजे रुंद वरंबा-सरीच्या पेरणी यंत्राकडं वळायलेत आणि ह्या नऊ फणी मॉडेलचा टेस्ट रिपोर्टच काढलेला नव्हता, त्यामुळे महाडीबीटीवरच्या अनुदानात ते बसेना. अनुदान नसलेलं यंत्र डीलर कशाला उचलेल.

मालक म्हणाले, "जाईल की सर, लोखंड हाय, सडून थोडंच चाललंय." ह्याची पारख करायला एक सोपी सोय आहे. ताळेबंद ३१ मार्चचा असला तरी सही होते ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. म्हणजे मधल्या चार महिन्यांची बिलं समोर असतात. सीझनसाठी भरलेला माल असेल तर जुलैअखेर तो गेलेला दिसला पाहिजे. ८० पैकी नवीन मॉडेलचा माल ५८ चा होता, जुलैअखेर त्यातला ४९ चा विकला गेला. एकदम छान. म्हणजे तेवढी वाढ खरोखर सीझनची आणि नवीन मशीनमुळे कटिंग पटपट झाल्याची. नऊ फणी चाळीसमधली गेली फक्त तीन, तीही जवळपास ४० हजाराच्या भावानं आणि पोहोच कारखान्याच्या खर्चानं, नगामागे ५ हजार.

ह्या तीन बिलांची किंमत फार मोठी आहे. हिशोबाचा नियम असा की स्टॉक खर्चाला किंवा विकून हातात पडेल त्या रकमेला, दोन्हीत जे कमी असेल त्याला धरायचा. हातात पडतात ३५ हजार, चाळीस नगांचे १४ लाख, पुस्तकात आहेत २२. ८ लाख कमी करायलाच पाहिजेत, आणि बिलं एप्रिल-जुलैची असली तरी ती ३१ मार्चला माल कसा होता तेच सांगतात, त्यामुळे "पुढच्या वर्षी बघू" म्हणता येत नाही. टॅक्सचा फरक सोडला तर १० चा नफा २ वर येतो. हे ऐकल्यावर ऑफिसात थोडा वेळ कुणी काही बोललं नाही, मग अकाउंटंट हळूच म्हणाला की मग बँकेला काय दाखवायचं.

बँकेला काय दिसतं तेही बघून घेऊ, कारण रेशोपेक्षा आधी चटका ड्रॉइंग पॉवरचा, म्हणजे सीसीतून प्रत्यक्षात काढता येणाऱ्या रकमेचा बसतो. यांची सीसी लिमिट १००, अंदाजे विक्रीच्या २० टक्के ह्या नेहमीच्या टर्नओव्हर पद्धतीनं दिलेली. पण लिमिट १०० आहे म्हणून १०० काढता येत नाहीत. स्टॉकमधून सप्लायरची देणी वजा करायची, उरलेल्यावर २५ टक्के मार्जिन, आणि नव्वद दिवसांच्या आतल्या उधारीवर यांच्या सँक्शन लेटरप्रमाणे ४० टक्के मार्जिन. १५० वजा ७० म्हणजे ८०, त्याचे ६०. आतली उधारी ६५, तिचे ३९. एकूण ९९, काढलेत ९८. काठावर. मागच्या वर्षी ड्रॉइंग पॉवर ७५ होती आणि काढलेले ६०, म्हणजे पंधराची मोकळी जागा होती, ती गेली. आता तो २२ चा जुना माल बँकेच्या स्टॉक ऑडिटरनं "चालत नाही" म्हणून बाजूला काढला तर १२८ वजा ७०, त्याचे साडेत्रेचाळीस, अधिक ३९, म्हणजे साडेब्याऐंशी. काढलेत ९८. साडेपंधरा लाख जास्तीचे, ते तातडीनं भरा नाहीतर खातं अनियमित. स्टॉक स्टेटमेंटमध्ये तो माल दर महिन्याला पूर्ण किमतीनं दाखवत राहणं म्हणजे हा दिवस फक्त पुढं ढकलणं.

सप्लायरच्या ७० कडेही एक नजर टाकली पाहिजे. खरेदी २७५ वरून ३३० झाली पण देणी ३८ वरून ७० वर गेली, म्हणजे ५० दिवसांत पैसे द्यायचे ते ७७ दिवसांत द्यायला लागले. मालकांना ही सवलत वाटत होती. पण त्यात डिस्क आणि गिअरची कामं करून देणारे दोन-तीन छोटे कारखानदार होते, उद्यम नोंदणीवाले, त्यांचे ११ लाख पंचेचाळीस दिवसांच्या वर गेलेले. आयकराच्या कलम ४३बी(एच) प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाला मुदतीत दिले नाहीत आणि ३१ मार्चला तसेच थकलेले राहिले तर तो खर्च त्या वर्षी धरला जात नाही, पैसे दिले त्या वर्षी मिळतो. २५ टक्क्यांच्या आसपास टॅक्स धरला तर पावणेतीन लाख आत्ता भरायचे. लोखंडाचा व्यापारी असेल तर हा नियम सहसा लागत नाही, म्हणून यादी वेगळी करावी लागते. फुकटची वाटणारी उधारी ही अशी महाग पडते.

मग केलं काय. ८ लाख कमी करून ताळेबंद केला, अ‍ॅसेट २३२ झाली, रेशो १.२२. ह्याच आकड्यानं बँकेत गेलो, सोबत तो ४२-६२ चा कागद. मॅनेजरना सांगितलं की सीसीतले २० शेडमध्ये आणि मार्जिनमध्ये अडकलेत, ते सीझनच्या पैशातून येणार नाहीत, म्हणून तेवढं चार वर्षांच्या वर्किंग कॅपिटल टर्म लोनमध्ये वेगळं काढा. त्यातले ५ येत्या वर्षात फेडायचे, १५ लांब मुदतीत जातात, मग करंट देणी १७५, रेशो १.३३ च्या जवळ. बँकवाल्यांचा हा १.३३ टंडन समितीच्या काळापासूनचा, करंट अ‍ॅसेटमधला पाव हिस्सा लांब मुदतीच्या पैशातून यावा ह्या हिशोबातून आलेला. पण मला त्या १.३३ पेक्षा हप्त्याची काळजी जास्त होती. मशीनचे ६ आणि हे ५, वर्षाला ११ मुद्दल, व्याज वेगळं. व्याज नफ्याच्या आधीच वजा होतं, म्हणून नफा अधिक घसारा १८ धरला तर ११ निघतात. नफा जर खरंच ५ वर आला तर १३ मधून ११, म्हणजे एक मोठा डीलर बुडाला की संपलं. त्यामुळे लोन देताना घरच्यांचे पैसे चार वर्षं परत काढायचे नाहीत ही अट बँकेनं घातली ती योग्यच होती, मालकांना ती आवडली नाही तरी.

उरलेल्या सदतीस नगांतले काही डीलरला पडत्या भावानं दिले आणि बाकीचे खोलले. पेटी, मीटरिंग आणि चाकं नवीन बीबीएफ मॉडेलला बसतात, फ्रेम भंगारात. स्टॉक स्टेटमेंटला बनवल्याच्या महिन्याचा एक कॉलम जोडला, एक सीझन न खपलेला माल त्यात वेगळा दिसतो आणि ड्रॉइंग पॉवर काढताना धरतच नाही.

२०२५-२६ चा ताळेबंद वाचताना मात्र एक नवीन गोष्ट आडवी येणार आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ह्या अवजारांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, लोखंडावर मात्र १८च आहे. पूर्वी ५०० च्या विक्रीवर ६० टॅक्स लागायचा आणि ३३० च्या खरेदीवरचं क्रेडिट साधारण ५९, म्हणजे फिट्टंफाट. आता पूर्ण वर्षाच्या विक्रीवर टॅक्स २५ आणि क्रेडिट तेच ५९. ढोबळ हिशोबानं वर्षाला ३४ लाख क्रेडिट साचत जाणार, इन्व्हर्टेड ड्युटीचा रिफंड अर्ज वेळेवर केला नाही तर ते करंट अ‍ॅसेटमध्ये बसून राहील आणि त्याचा पैसा सीसीतूनच गेलेला असेल. म्हणून मार्च २०२६ ला करंट अ‍ॅसेट वाढलेली दिसली तर आधी त्यात जीएसटी क्रेडिट किती आणि रिफंडचे अर्ज कोणत्या महिन्यापर्यंत भरलेत हे विचारायचं, आणि मग रेशोकडे बघायचं.